वर्गाच्या ग्रुप फोटोंवरून निरोपाचे निवेदन

प्रश्न : आमच्या बाई या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. सोलापुरातल्या माजी विद्यार्थ्यांकडून वर्गाचे नऊ ग्रुप फोटो जमले आहेत. त्यांवरून निरोपाची चित्रफीत करायची आहे. निवेदन कसे लिहावे?

तीन वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरच्याच पूर्व भागातल्या आमच्या शाळेतील गणिताच्या बाईंसाठी अशीच चित्रफीत केली होती, त्या अनुभवावरून लिहितो. आमचा पहिला मसुदा सपशेल फसला होता. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘विद्यार्थ्यांना घडवणारे हात’ अशी वाक्ये आम्ही लिहिली होती आणि एका मैत्रिणीने ती वाचून एवढेच विचारले की, हे शेजारच्या शाळेतल्या सरांना चालणार नाही का? ते चालले असते, म्हणून सगळा मसुदा टाकून दिला.

त्यानंतर आमच्याकडचे सगळे फोटो सालाप्रमाणे जमिनीवर मांडले, तेव्हा आधी न दिसलेली एक गोष्ट दिसली. ग्रुप फोटोत शिक्षकांच्या जागा मानाप्रमाणे ठरतात : मुख्याध्यापक मध्यभागी, ज्येष्ठ शिक्षक त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि नवे शिक्षक टोकाला, खुर्च्या कमी पडल्या तर उभे. आमच्या बाई 1990 च्या फोटोत मागच्या रांगेच्या टोकाला उभ्या होत्या, 2004 मध्ये खुर्च्यांच्या रांगेत अगदी कडेला बसलेल्या होत्या आणि शेवटच्या फोटोत मुख्याध्यापकांच्या शेजारी होत्या. निवेदनाचा धागा तोच धरला. सुरुवात अशी होती :

‘1990. इयत्ता पाचवी, तुकडी ब. मागच्या रांगेत उजव्या टोकाला, मुलांपेक्षा जेमतेम वीतभर उंच दिसतात, त्या विद्यार्थिनी नव्हेत; त्या बाई आहेत.’

सभागृहात इथे पहिला हशा आला आणि पुढच्या प्रत्येक फोटोत लोक बाईंना आपणहून शोधू लागले. त्यामुळे ‘या फोटोत बाई दिसत आहेत’ असे सांगण्याची गरज उरली नाही. डोळ्यांना जे दिसते ते निवेदनात पुन्हा सांगू नये; फोटोच्या चौकटीबाहेरचे सांगावे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलत, वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळायला असे. म्हणून दुसऱ्या फोटोवर आम्ही लिहिले : ‘भागाकार जमेना, तेव्हा बाईंनी विचारले, आईने हजार विड्या वळल्या, एका बंडलात पंचवीस, तर बंडले किती? उत्तर आले, पण तेलुगूत. बाईंनी ते फळ्यावर मराठीत लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून ओकटी, रेंडु, मूडु शिकायला बसल्या.’ अशा आठवणीसाठी दहा जणांना फोन करावे लागतात आणि त्यांतल्या दोघांकडेच काही सांगण्यासारखे निघते.

आता वेळेचे गणित. सावकाश, स्पष्ट मराठी वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. एका फोटोला 35 सेकंद दिले, तरी त्यांतले 25 सेकंदच बोलावे, म्हणजे पन्नासच्या आत शब्द. नवा फोटो पडद्यावर आला की लोक ‘तो बघ मी!’ म्हणून कुजबुजतात, त्यामुळे पहिली पाच सेकंदे शांत ठेवावीत आणि शेवटची पाचही. आम्ही ही जागा पहिल्या जुळवणीत सोडली नव्हती, म्हणून तालमीला प्रत्येक फोटोचे पहिले वाक्य गोंगाटात बुडत होते. निवेदन आधी ध्वनिमुद्रित करावे आणि फोटो त्याच्या लांबीला बसवावेत. फोटो आधी लावून त्यावर वाचत गेले की आवाज धावतो.

बाईंच्या चेहऱ्यावर जवळ जायचे असेल, तर मोबाईलने काढलेला फोटो पुरत नाही, कारण चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप उतरते. बारा इंच रुंद फोटो 600 डीपीआयने स्कॅन केला, तर रुंदी 7200 पिक्सेल मिळते. पडद्याची रुंदी 1920 असल्याने फोटोच्या रुंदीचा साधारण चौथा भाग पडदाभर दाखवला तरी चेहरा फुटत नाही.

नावांबाबत फार सांभाळा. आम्ही एका मुलाचा ‘आज कुठे असेल कोण जाणे’ असा गमतीने उल्लेख केला होता. तो चार वर्षांपूर्वी गेला, हे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कळले आणि ते वाक्य घाईने कापावे लागले. ज्यांची नावे घ्याल, त्यांच्याविषयी वर्गातल्या निदान दोघांना विचारून घ्या. पाटीवर ‘1996-97’ असेल, तर फोटो बहुधा 1997 च्या जानेवारी-फेब्रुवारीतला असतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधीचा की नंतरचा, एवढे विचारले तरी जुन्या मुलांना नेमके आठवते.

शेवटच्या फोटोवर आम्ही एकच वाक्य ठेवले : ‘2023. मधल्या खुर्चीशेजारी.’ त्यानंतर आवाज नाही, संगीतही नाही, आणि फोटो पंधरा सेकंद तसाच पडद्यावर.