मित्राला पैसे मिळाले, मग अडचण काय?

प्रश्न : माझ्या जवळच्या मित्राने एका योजनेत पैसे गुंतवले आहेत आणि त्याला दर महिन्याला नफा मिळतो आहे. मीही थोडे टाकून पाहिले, नफ्यासकट परत आले. आता सगळी बचत टाकावी असं वाटतं, पण घरचे म्हणतात यात काहीतरी गडबड आहे. पैसे खरंच मिळत असतील तर गडबड कशी? विचार करून करून रात्री झोप लागत नाही.

उत्तर : अगदी याच अवस्थेत एक तरुण माझ्याकडे आला होता. वय पंचविशीतलं, नोकरी बरी, उधळा स्वभाव नाही. पहिल्यांदा टाकलेली छोटी रक्कम नफ्यासकट परत आल्यावर त्याने बचतीचा पाचवा हिस्सा टाकला होता. ॲपवर तो रोज वाढताना दिसत होता. उरलेली बचत शुक्रवारी रात्रीपर्यंत भरली तर दरमहा १५ टक्के, नंतर आलेल्यांना कमी, असं त्याला सांगितलं होतं. तो आला बुधवारी.

अशा माणसाला लोक लगेच लोभी ठरवतात. मला तसं वाटत नाही. माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना चैन करायची नसते. बरोबरीचे पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, ही टोचणी असते. तो म्हणाला, "मॅडम, पगारातून साठवत बसलो तर चाळिशी येईल." मुदतीची घाई नेमकी या टोचणीवरच काम करते.

"ही फसवणूक आहे" असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो योजनेची वकिली करत बसला असता; घरी तेच चाललं होतं. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, "हा नफा कुठून येतो, तेवढं मला कळेल असं लिही." त्याने लिहिलं : परकीय चलनाची खरेदी-विक्री, संगणकाचा प्रोग्रॅम, तज्ज्ञांची टीम. पुढे पेन थांबलं. कोण खरेदी करतं, कुणाकडून, तोटा झाला तर कुणाचा, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याच्याच मोबाइलवर हिशेब करायला लावला. दरमहा १५ टक्के दराने रक्कम न काढता ठेवली तर वर्षात पाचपटीहून जास्त होते, दोन वर्षांत अठ्ठावीसपट. मी विचारलं, "असं यंत्र ज्याच्या हाती आहे, तो बँकेकडून कर्ज का घेत नाही? तुझ्या बचतीवर महिन्याला १५ टक्के का मोजतो?" तो म्हणाला, "सामान्य माणसाचं भलं व्हावं म्हणून..." आणि वाक्य अर्धवट सोडून स्वतःच हसला.

पण मित्राचं काय? तुमचाही तोच प्रश्न आहे. मित्र खोटं बोलत नव्हता, त्याच्या खात्यात पैसे खरोखर येत होते. कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही मांडून पाहिलं. दहा जणांनी शंभर-शंभर भरले, जमले हजार. महिन्याला प्रत्येकी पंधरा वाटायचे म्हणजे दीडशे. कुठलाही धंदा न करता, एकही नवा माणूस न आणता, लोकांचेच पैसे लोकांना देत सहा महिने नियमित नफा वाटता येतो. त्यातल्या आठ जणांनी नफा न काढता "पुन्हा गुंतवला", तर महिन्याला फक्त तीस बाहेर जातात आणि तोच हजार अडीच वर्षांहून जास्त पुरतो. त्या आठ जणांच्या ॲपवर आकडा फुगत राहतो, पण त्यामागे पैसा नसतो. म्हणून "मिळतात की नाही" या प्रश्नाने काहीच सिद्ध होत नाही. थोडे टाकून, काढून पाहणं ही परीक्षा वाटते खरी, पण तो आमिषाचा खर्च असतो आणि योजनावाल्याने तो आधीच धरलेला असतो.

हा प्रकार जुनाच आहे. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देत असे. परदेशी टपालाची कूपनं स्वस्तात घेऊन महाग विकतो, असं तो सांगायचा. तेवढ्या धंद्याला सुमारे १६ कोटी कूपनं लागली असती. चलनात होती जेमतेम २७ हजार. तरी काही महिने लोकांना वेळेवर पैसे मिळत होते, आणि बरेच जण ते न काढता पुन्हा त्याच्याकडेच ठेवत होते.

तरुणाला मी एकच गोष्ट करायला सांगितली : नवीन काही भरण्याआधी अडकलेली सगळी रक्कम परत माग. नफा नव्हे, मुद्दल धरून सगळी.

गुरुवारी त्याने मागणी टाकली. पहिलं उत्तर अभिनंदनाचं आलं. दुसरं आलं की रक्कम मंजूर झाली आहे, फक्त तिच्यावरचा २० टक्के कर आधी भरा. तो भरायलाच निघाला होता! इतक्या जवळ आलेले पैसे हातचे जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच तेव्हा डोक्यात असतं. मी त्याला दोष देत नाही. पण भरायचं खातं उघडताना त्याचं लक्ष नावाकडे गेलं. योजनेचं नाव नव्हतंच, कुणा अनोळखी व्यक्तीचं होतं. आधीचे व्यवहार काढून पाहिले, तर दर वेळी वेगळ्या माणसाचं खातं. त्याने लिहिलं, "कर माझ्याच रकमेतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा." उत्तर आलं, "सिस्टीममध्ये तशी सोय नाही." त्याने हेच ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं. संदेश पुसला गेला आणि थोड्याच वेळात त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

आपलेच पैसे काढायला आधी नवे पैसे मागितले, मग त्याला कर म्हणा, शुल्क म्हणा की अनामत, तर समोर द्यायला काही नाही असं धरून चालावं. त्याच दिवशी त्याने बँकेला कळवलं आणि पोलिसांत तक्रार दिली. यात तासांना महत्त्व असतं, कारण असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. पाचवा हिस्सा तरी गेलाच, तोवर उशीर झाला होता. चार हिस्से वाचले.

मित्राला त्याने कागद दाखवला. मित्र चिडला, काही आठवडे बोलला नाही. तुमच्याही बाबतीत हे होऊ शकतं, कारण ज्याला अजून पैसे मिळताहेत त्याला तुमचा प्रश्न आपल्यावरचा संशय वाटतो. त्याच्याशी योजनेवरून वाद घालू नका. "सगळी रक्कम काढून दाखव, मग मी विचार करतो," एवढंच म्हणा. ॲपवरचा आकडा दाखवून भागणार नाही, मुद्दलासकट सगळं त्याच्या बँक खात्यात आलेलं दिसायला हवं. आणि ते दिसलं, तरी तुम्ही नफ्याचा उगम विचारायचाच आहे.

पुढे त्या तरुणाला एक फोन आला. बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त सुरुवातीचं शुल्क भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे अशी दुसरी टोळी मागोमाग येतेच. त्याने विचारलं, "शुल्क सोडवलेल्या पैशातून घ्याल का?" पलीकडून फोन ठेवला गेला. हे सांगायला त्याने मला फोन केला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला की मित्रानेही आता पैसे परत मागितले आहेत आणि त्याला कर भरायला सांगितलं आहे.