जीनोम की जनुकसंच?

प्रश्न : कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत विज्ञान दिनाला सातवीच्या मुलांसमोर पाच मिनिटं बोलायचं आहे. 'जीनोम'ला जनुकसंच म्हणू का? पाककृतींच्या पुस्तकाचं उदाहरण घेतलंय, ते बसतं का?

जीनोमच म्हणा. पुल्लिंगी चालवा : माणसाचा जीनोम, जीनोममध्ये. 'जनुकसंच' छापलेला दिसतो आणि ऐकायलाही बरा वाटतो, पण त्याचा अर्थ होतो जनुकांचा गठ्ठा, आणि नेमकं तिथंच मुलं फसतात. माणसाच्या जीनोममध्ये ए, टी, जी, सी अशी डीएनएची साधारण 300 कोटी अक्षरं आहेत. त्यांतली प्रथिनं कशी करायची ते थेट सांगणारी अक्षरं शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत. उरलेल्यांत कुठली कृती कधी उघडायची याच्या सूचना आहेत, पुन्हा पुन्हा उतरलेल्या त्याच त्या ओळी आहेत आणि बराच जुना पसाराही आहे. हा सगळा मजकूर मिळून जीनोम. मूळ शब्द 1920 साली हान्स विंकलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं आणला. 'जीन' आणि 'क्रोमोसोम' यांची ती सांधणी आहे, असं बहुतेक जण मानतात.

तुमचं उदाहरण बसतं, पण 'पुस्तक'ऐवजी 'वही' घ्या. छापील पुस्तक सगळ्यांकडे सारखं असतं, वही घराघरात थोडी वेगळी निघते. मग जनुक म्हणजे एक कृती, गुणसूत्र म्हणजे एक वही आणि जीनोम म्हणजे सगळ्या वह्यांतला मिळून मजकूर. डीएनए कुठं बसवायचा, हे मुलं विचारणारच. तो कागद आणि शाई. 'डीएनए म्हणजेच जीनोम' असं म्हणणं म्हणजे कागदालाच मजकूर म्हणणं.

आपल्याकडे 23 वह्या आईकडून येतात, 23 बाबांकडून, म्हणजे पांढऱ्या रश्शाची कृती घरात दोनदा लिहिलेली असते. हे आधी सांगून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक चूक फळ्यावर करून दाखवा. 'पाव चमचा मीठ' असं लिहा आणि 'व' पुसून 'च' करा. पाच चमचा मीठ! (व्याकरण 'चमचे' मागेल, पण घाईनं उतरवलेल्या वहीत ते कोण बघतं?) एका अक्षरानं रस्सा तोंडात धरवेना. पेशीतही हुबेहूब असंच घडतं, आणि सिकलसेल हा त्याचा पक्का दाखला आहे. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे हा आजार आढळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग 146 मण्यांच्या माळेसारखा असतो, आणि प्रत्येक मण्यासाठी कृतीत तीन अक्षरं असतात. सहाव्या मण्यापाशी जी-ए-जी हवं, तिथं जी-टी-जी पडतं. एवढ्यानं मणी बदलतो. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग असह्य दुखतं. चूक एकाच वहीत असेल तर दुसऱ्या वहीवर निभावतं. तो माणूस वाहक असतो आणि त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्ही वह्यांत असेल तर आजार होतो.

उदाहरण कुठं तुटतं तेही माहीत असू द्या. 'नाकाची कृती', 'उंचीची कृती' असं बोलू नका. कृती असते ती प्रथिनाची. नाक म्हणजे कैक कृतींची पंगत आहे, आणि उंचीत तर खाण्यापिण्याचाही वाटा आहे. शिवाय वाचून करणारा आचारी वेगळा नसतो. वही माजघरातून, म्हणजे केंद्रकातून, बाहेर येत नाही. लागणारी कृती चिठ्ठीवर उतरते आणि चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते. वह्या त्याच, पण यकृताची पेशी वेगळ्या चिठ्ठ्या काढते आणि डोळ्याची वेगळ्या.

'प्रत्येक पेशीत संपूर्ण जीनोम असतो' हे वाक्य मात्र 'जवळजवळ प्रत्येक' असं करा. नाहीतर वर्गातलं एखादं चलाख पोर सिकलसेलचंच उदाहरण धरून उठेल : पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मग वही कुठं गेली? उत्तर तयार ठेवा. ती पेशी अस्थिमज्जेत लहान असतानाच हिमोग्लोबिनच्या चिठ्ठ्या उतरवून घेते आणि रक्तात निघताना माजघरच टाकून येते.