शून्य, पूज्य आणि रावणाची दहा तोंडं

*प्रश्न: शून्याचा शोध आर्यभटाने लावला असेल, तर त्याआधी रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव मोजले कसे? आणि आमची आजी शून्याला "पूज्य" म्हणायची, ते का?*

पहिला अर्धा प्रश्न दर दसऱ्याला फिरत फिरत येतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, आपण आर्यभटाला कोंडीत पकडलं. मोजायला शून्य लागत नाही हो. "दहा" हा शब्द आहे, "१०" ही लिहिण्याची एक पद्धत आहे. शब्द आधीपासून होता, पद्धत फार नंतर आली. आणि लिहायलासुद्धा शून्य लागतंच असं नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन बघा. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गायींचा आकडा त्यात आहे: १०,००१. आपण लिहिताना त्यात तीन शून्यं घालतो, नाणेघाटात एकही नाही. ब्राह्मी आकड्यांत दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभरला वेगळी, हजाराला वेगळी. हजाराच्या खुणेला दहाची खूण चिकटवली की दहा हजार झाले, शेजारी एकाची रेघ ओढली की गायी मोजून झाल्या. रावणाला दहाच तोंडं, त्याचं एका खुणेत भागलं असतं.

अडचण लिहिण्यात नव्हती, हिशेबात होती. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे. देवळाला दिलेल्या बागेची मापं त्यात आहेत, २७० हात आणि १८७ हात. रोज ५० माळा द्यायच्या, हेही लिहिलंय. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच, फक्त जरा लहान आणि गोल. त्याच बागेचं क्षेत्रफळ काढू.

नाणेघाटाच्या पद्धतीने २७० म्हणजे दोन खुणा (२००, ७०) आणि १८७ म्हणजे तीन (१००, ८०, ७). प्रत्येकीला प्रत्येकीने गुणायचं, म्हणजे सहा गुणाकार. दोनशे शंभरे वीस हजार, सत्तर ऐंशी पाच हजार सहाशे, असे. सत्तरच्या खुणेत सात कुठे दिसत नाही आणि ऐंशीच्या खुणेत आठ, त्यामुळे "सात आठे छप्पन्न" पाठ असून उपयोग नाही. सत्तर ऐंशीचं उत्तर वेगळं ठाऊक हवं, सातशे गुणिले ऐंशीचं आणखी वेगळं. शिवाय आलेल्या सहा उत्तरांची बेरीज करताना कोणती खूण कोणत्या खुणेखाली मांडायची, हेही ठरत नाही. म्हणून लोक हिशेब बोटांवर, खड्यांवर नाहीतर पाटीवर करत आणि उत्तर तेवढं लिहीत. चूक कुठे झाली हे मागे जाऊन शोधायची सोय नाही, कारण हिशेब मागे राहतच नाही.

आता स्थानमूल्याने. २७० चं शून्य बाजूला ठेवा आणि १८७ ला २७ ने गुणा. सात साते एकोणपन्नास, नऊ मांडा, हातचे चार. सात आठे छप्पन्न आणि चार साठ, शून्य मांडा, हातचे सहा. सात एके सात आणि सहा तेरा. आले १३०९. मग दोनाने गुणून एक घर डावीकडे सरकवा, ३७४०. बेरीज करताना शतकाच्या घरात तीन आणि सात दहा होतात, तिथे शून्य उरतं, हातचा एक सहस्रात जातो. ५०४९. बाजूला ठेवलेलं शून्य परत जोडा: ५०,४९० चौरस हात.

त्या शतकाच्या घराकडे पुन्हा एकदा बघा. १८७ आणि २७ या दोन्हींत शून्य नव्हतं, तरी हिशेबातून ते आपोआप आलं. त्याला चिन्ह नसेल तर उत्तर "५ ४९" असं दिसेल. मधली फट कमी-जास्त झाली की तेच ५४९, आणि शेवटचं रिकामं घर तर दिसणारच नाही. बॅबिलोनवाल्यांना नेमकं हेच नडलं. साठावर आधारलेलं स्थानमूल्य त्यांच्याकडे होतं, पुढे मधल्या रिकाम्या घरासाठी खूणही आली, पण संख्येच्या शेवटी ते ती देत नसत. एक की साठ, हे संदर्भावरून ओळखायचं. ज्या घराच्या रिकामेपणाला आकडा मिळाला, तेच घर हिशेबात विश्वासाने वापरता येतं. मग नऊ पर्यंतचे पाढे आणि हातचा, एवढ्यावर कितीही मोठा गुणाकार होतो.

राहिला आर्यभट. इ.स. ४९९ च्या सुमारास त्याने "स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्" असं लिहिलं, म्हणजे स्थानमूल्य त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याची स्वतःची संख्या लिहायची रीत अक्षरांची: "ख्युघृ" म्हणजे ४३,२०,०००. घर कोणतं ते स्वर सांगतो, त्यामुळे रिकाम्या घराला चिन्ह लागतच नाही. शून्य ही संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले ब्रह्मगुप्ताने, इ.स. ६२८ मध्ये. शून्य भागिले शून्य हे शून्यच, असंही तो म्हणाला. ते आज चालत नाही, पण प्रश्न विचारायची हिंमत त्याची. तेव्हा "शोध आर्यभटाने लावला" हे वाक्य पाठ्यपुस्तकाबाहेरच्या भाषणांतूनही आता निवृत्त करावं.

शब्दाकडे येतो, खरं तर मला इथेच यायचं होतं. "शून्य" म्हणजे रिकामं, हे सगळ्यांना माहीत आहे, भोपळाही माहीत आहे, तिकडे वेळ घालवत नाही. मूळ धातू "श्वि", म्हणजे फुगणे. त्यावरून "शून", फुगलेला. जे फुगतं ते आतून पोकळ, म्हणून शून्य. आपली "सूज" याच कुळातली, असं माझं मत आहे. अरबांनी या शब्दाचं भाषांतर केलं, "सिफ्र", रिकामं. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, ते लॅटिनमध्ये "झेफिरम" केलं आणि इटालियनमध्ये झिजून त्याचं "झीरो" झालं. त्याच सिफ्रवरून "सायफर", गुप्तलिपी, आणि फ्रेंच "शिफ्र", म्हणजे कुठलाही आकडा. झीरोचा संबंध झेफिर वाऱ्याशी लावणारे विद्वान भेटतात, त्यांनी अरबी कोश उघडावा. हे नवे आकडे हिशेबवहीत लिहू नका, रक्कम अक्षरी लिहा, असं फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने १२९९ मध्ये बजावलं होतं. आपल्या चेकवरचं "अक्षरी रुपये" याच सावधगिरीच्या जातीचं.

आणि आजींचं "पूज्य". शून्य म्हणजे ब्रह्म, म्हणून ते पूजनीय, अशी एक गोड व्युत्पत्ती सांगितली जाते. मला ती मुळीच पटत नाही. तसं असतं तर "त्याची अक्कल पूज्य" हे कौतुक ठरलं असतं. माझ्या मते हा अशुभ टाळण्याचा मराठी शिरस्ता आहे. आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. तशीच वहीत "शिल्लक शून्य" म्हणायला जीभ कचरली असणार आणि शेवटी "य" असलेला, ठेक्यात बसणारा "पूज्य" हाताशी होता. त्यात "शून्य"च्या मूळ धातूचा अर्थ फुगणे, वाढणे! म्हणजे आपण जे वाढवून झाकतो, ते नावातच आधीपासून वाढलेलं होतं. हा योगायोग आहे असं मला सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी "पूज्य"ची दुसरी उपपत्ती द्यावी, ब्रह्माला मध्ये न आणता.