पास घेण्याआधी भागाकार करा

कॅब अ‍ॅपच्या पासवर '१५ टक्के सूट' मोठ्या अक्षरात असतं, पण खालची बारीक ओळ आधी वाच: 'प्रति राइड कमाल ३० रुपये'. समजा पास १४९ रुपयांचा आहे. कोथरूड ते हिंजवडी भाडं ३५० झालं, तर १५ टक्के म्हणजे साडेबावन्न. हातात मात्र तीसच. म्हणजे पाच फेऱ्यांनी पास वसूल. १२० रुपयांच्या जवळच्या फेरीला अठराच सुटतात, तिथे नऊ फेऱ्या लागतात. मग गेल्या महिन्याच्या राइड हिस्टरीत बघ, तेवढ्या फेऱ्या झाल्यात का.

त्यातही कुठल्या गाडीतून झाल्या ते मोज. माझ्या पासमध्ये रिक्षा बसत नव्हती, आणि मी निम्म्या वेळा रिक्षानेच फिरतो! घेतल्यावर कळलं. रेंटल आणि आउटस्टेशनही बऱ्याचदा वगळलेलं असतं.

मुदत बहुधा पैसे भरल्या क्षणापासून चालू होते, पहिल्या फेरीपासून नाही. गणपतीत गावी जाणार असशील तर परत आल्यावरच घे. फेऱ्यांची मर्यादा आधी संपली तर तारीख शिल्लक असूनही पास संपला. आणि ऑटो-रिन्यू लगेच बंद कर.