व्याख्यात्याची ओळख : आधी एक वाक्य विषयाचं, मग माणसाचं

प्रश्न : आमच्या कराडच्या कॉलेजात एका भूकंपशास्त्रज्ञांचं व्याख्यान आहे, विषय ‘कोयना परिसरातील जलाशय-प्रेरित भूकंप’. परिचय मी करून द्यायचा आहे. त्यांचा बायोडेटा तीन पानी आहे आणि श्रोत्यांत कला शाखेची मुलंही असणार. सुरुवात कशी करू?

बायोडेटा बाजूला ठेवा आणि पहिलं वाक्य विषयाचं बोला. ते ऐकून मागच्या रांगेतल्या मुलाला कळलं पाहिजे की पुढचा तासभर आपण इथे का बसायचं. पदव्या, शोधनिबंध, पुरस्कार यांतून हे कळत नाही. ते ऐकून माणूस मोठा आहे एवढंच समजतं, आणि ते तर शाल-श्रीफळ दिलं तेव्हाच समजलेलं असतं.

आता वाक्य. ‘भूकंपशास्त्र हा आजच्या काळातला अत्यंत महत्त्वाचा विषय आहे’ असं म्हणू नका. त्यात भूकंपशास्त्राऐवजी मधमाशीपालन घातलं तरी वाक्य तसंच चालतं, म्हणजे ते काहीच सांगत नाही. तुमच्या श्रोत्यांच्या घरात 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवणारी आजी-आजोबा मंडळी असतील. धरणात पाणी साठायला लागून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झालं. लहान धक्के तर आजही बसतात. इतकं हाताशी असताना मी असं म्हणेन :

‘कोयनेचं धरण भरल्यापासून इथली जमीन अधूनमधून हादरते आहे, आणि पुढे ती किती जोरात हादरू शकेल यावर आपली घरं किती मजबूत हवीत हे ठरतं.’

यात एकही शास्त्रीय शब्द नाही. ‘जलाशय-प्रेरित’ वक्ते समजावतीलच, त्यांचं काम आपण करायचं नाही.

साधं बोलायच्या नादात चुकीचं बोललं जातं, तिथे सांभाळा. या विषयात दोन खड्डे ठरलेले आहेत. पहिला, ‘धरणामुळे भूकंप होतो’. खडकात ताण आधीपासूनच असतो. जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल उतरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकायला निमित्त मिळतं, असं शास्त्रज्ञ मानतात. तुम्ही सगळं खापर धरणावर फोडलंत, तर वक्त्यांची पहिली दहा मिनिटं ते पुसण्यात जातील. म्हणूनच वरच्या वाक्यात ‘धरण भरल्यापासून’ आहे, ‘धरणामुळे’ नाही.

दुसरा खड्डा जास्त वाईट : ‘पुढचा भूकंप कधी होणार, हे आज आपल्याला कळणार आहे.’ तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत आज कोणालाच करता येत नाही. असं आश्वासन दिलंत की प्रश्नोत्तरांत तोच एक प्रश्न दहा जण विचारतील आणि वक्ते नाही म्हणाले की सभागृह नाराज होईल. दोष मात्र तुमचा.

तेव्हा आदल्या दिवशी वक्त्यांना फोन करा आणि वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा. ‘सर, हे बरोबर आहे का, आणि तुमचं व्याख्यान याबद्दलच आहे ना?’ दुसरा प्रश्न विसरू नका. कदाचित ते म्हणतील, मी घरांबद्दल बोलणार नाही, पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर लहान धक्के का वाढतात ते दाखवणार आहे. मग वाक्य बदला : ‘पावसाळ्यात कोयनेचा जलाशय भरला की त्यानंतर इथले लहान धक्के वाढताना दिसतात, आणि ते का, हे कळलं तर आपल्या पायाखाली काय चाललंय ते कळेल.’ तेवढंच साधं, पण त्यांच्या व्याख्यानाचं.

वाक्य ठरलं की कॉलेजच्या शिपाईमामांना किंवा कँटीनमधल्या कोणाला तरी ऐकवा आणि ‘काय समजलं?’ विचारा. त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं तर ठीक. ‘छान आहे’ एवढंच म्हणाले तर पुन्हा लिहा.

त्यानंतर बायोडेटातून त्या वाक्याला जोडणाऱ्या एक-दोनच गोष्टी घ्या. समजा त्यांनी कोयना खोऱ्यातल्या खोल विंधनविवरांच्या कामात भाग घेतला असेल, तर एवढं पुरे : ‘याच खडकात काही किलोमीटर खोल भोक पाडून आत काय आहे ते पाहणाऱ्या गटात आजचे वक्ते होते.’ परदेशी विद्यापीठाची फेलोशिप राहू द्या, ती निमंत्रणपत्रिकेत छापलेली असेलच. नाव सगळ्यात शेवटी, मोठ्याने आणि सावकाश घ्या. आडनावाचा उच्चार त्याच फोनवर विचारून ठेवा. नाव घेतलं की टाळ्या सुरू होतात, तेवढ्यात माइक सोडा. सगळं मिळून मिनिटभरात आटपतं.

प्राचार्यांना पूर्ण बायोडेटा वाचला जावा असं वाटत असेल (बहुतेक वाटतंच), तर तो छापून पहिल्या रांगेत वाटायला सांगा. मान राहतो आणि वेळही वाचतो.