छायाचित्राला 'वारंवारता' कुठून आली?

*प्रश्न : फोटो शार्प करण्याबद्दल वाचताना 'फ्रीक्वेन्सी डोमेन' आणि 'वेव्हलेट' हे शब्द सारखे येतात. फ्रीक्वेन्सीला आपण वारंवारता म्हणतो, पण स्थिर फोटोत वारंवार काय घडतं? आणि वेव्हलेटला मराठी शब्द आहे का?*

'वारंवार'मधल्या 'वार'चा अर्थ खेप. खेपा काळातच मोजायच्या असं बंधन या शब्दात कुठेच नाही. आवाजात आपण दर सेकंदाला किती कंपनं झाली ते मोजतो, फोटोत दर काही पिक्सेलांमागे उजेड किती वेळा वरखाली झाला ते. केस, विणकाम, गवत यांत तो एक-दोन पिक्सेलांतच बदलतो, म्हणून तिथली वारंवारता जास्त. गालावरून हळूहळू उतरणाऱ्या सावलीची कमी. तेव्हा 'वारंवारता' फोटोलाही चपखल बसते. जास्त वारंवारतेच्या भागाला मी 'बारीक तपशील' म्हणतो आणि कमीच्या भागाला 'ढोबळ तपशील'.

'वेव्हलेट'मागे फ्रेंच 'ओंदलेत' आहे, म्हणजे छोटी लाट. भूकंपलहरींच्या नोंदी तपासणारे जाँ मोर्ले आणि भौतिकशास्त्रज्ञ अलेक्स ग्रॉसमन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शब्द रूढ केला. पुस्तकाची पुस्तिका होते, नाटकाची नाटिका होते, तशी तरंगाची 'तरंगिका' मला सर्वांत आवडते. 'लहरी' म्हटलं की मराठी कानाला आधी स्वभाव आठवतो.

नुसता शब्द पुरणार नाही, म्हणून एक उदाहरण करून पाहू. सगळ्यांत साधी तरंगिका आल्फ्रेड हार या गणितज्ञाची, १९१० सालची. फोटोतल्या एका ओळीत आठ पिक्सेल आहेत आणि त्यांचा उजेड असा आहे :

४०, ४४, ४२, ४६, ९०, ९४, ९२, ९६

डावीकडे काळसर कापड, उजवीकडे उजळ भिंत, आणि दोन्हींवर हलका पोत. आता शेजारच्या दोन-दोन पिक्सेलांची जोडी करायची. प्रत्येक जोडीची सरासरी एका बाजूला लिहायची आणि फरकाचा अर्धा भाग दुसऱ्या बाजूला. सरासऱ्या येतात ४२, ४४, ९२, ९४, आणि अर्धे फरक २, २, २, २. हे चार दोन म्हणजेच बारीक तपशील, तो सुटा झाला. सरासऱ्यांच्या पुन्हा जोड्या केल्या की ४३ आणि ९३ उरतात, अर्धे फरक १, १. हा मधला थर. शेवटची सरासरी ६८ आणि अर्धा फरक २५. कापड आणि भिंत यांच्यातली मोठी पायरी या एकट्या २५मध्ये आहे.

यातलं काहीच हरवलेलं नाही. सरासरीतून अर्धा फरक वजा केला की जोडीतला पहिला पिक्सेल परत येतो, मिळवला की दुसरा. म्हणून जोडण्याआधी हवा तोच थर वाढवता येतो. बारीक थर दुप्पट करून ४, ४, ४, ४ केला तर ओळ होते :

३८, ४६, ४०, ४८, ८८, ९६, ९०, ९८

पोत उठून आला, पण कापडाची सरासरी ४३ आणि भिंतीची ९३च राहिली. उलट २५चे ५० केले असते तर पोत होता तसाच राहून कापड १८वर आणि भिंत ११८वर गेली असती. तो कॉन्ट्रास्ट झाला, शार्पनिंग नव्हे.

फ्रीक्वेन्सी डोमेनमध्ये, म्हणजे फूरिएच्या पद्धतीत, हीच विभागणी अखंड लाटांनी होते. तिथली प्रत्येक लाट फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेली असते. त्यामुळे एक लाट वाढवली की तिचा परिणाम सगळीकडे होतो, आणि ठरावीक वारंवारतेवर एकदम काट मारली तर ठळक कडांच्या बाजूला फिक्या समांतर रेघा उमटतात. तरंगिका थोड्याच पिक्सेलांपुरती असते. म्हणून डोळ्यांच्या पापण्या वाढवून गाल तसाच ठेवता येतो. नावातलं लहानपण अर्थालाही लागू आहे ते असं.

एक अडचण मात्र थरांच्या मुळातच आहे. कॅमेऱ्याचे रवे, ज्याला नॉइज म्हणतात, तेही पिक्सेलागणिक बदलतात. वरच्या ओळीतले ते २चे फरक खरोखर पोताचे होते की रव्यांचे, हे आकड्यांवरून कळत नाही. बारीक थर जास्त ताणल्याची खूण म्हणूनच मोकळ्या आकाशात दिसते : तिथे रवाळपणा आला की हात आवरायचा, किंवा अगदी लहान फरक शून्य करून फक्त मोठे वाढवायचे. त्यात खरा मंद पोतही थोडा पुसला जातो. बहुतेक वेळा मी बारीक थराला हलकाच हात लावतो आणि जोर दुसऱ्या-तिसऱ्या थरावर देतो.

हारच्या जोड्या समजायला सोप्या असल्या तरी खऱ्या फोटोत त्यांचे चौकोनी ठसे उमटू शकतात. म्हणून संपादनाच्या कामात सहसा एकमेकांवर चढणाऱ्या, गुळगुळीत सरासऱ्या घेतात. सरासरी आणि उरलेला फरक वेगळे ठेवण्याची कृती तीच राहते.