वाचनालयाच्या निबंध स्पर्धेचे आवाहन कसे लिहावे?

प्रश्न: आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त निबंध स्पर्धा घ्यायची आहे. आवाहनात नेमके काय लिहावे?

उत्तर: सर्वाधिक वाद वयोगटावरून होतात, म्हणून वय कोणत्या तारखेला मोजणार ते आधी ठरवा. ‘10 ते 14 वर्षे’ एवढेच लिहिले तर फेब्रुवारीत पंधरावे पूर्ण होणारी मुलगी कोणत्या गटात, हा प्रश्न येणारच. ‘1 जानेवारी 2026 रोजी पूर्ण झालेले वय’ असे लिहा. मग 5 जानेवारी 2011 चा जन्म असलेली मुलगी त्या दिवशी 14 वर्षांची, म्हणजे लहान गटातच. पुढचे गट 15 ते 18 आणि 19 वर्षे व त्यापुढील खुला.

विषय ‘वाचनाचे महत्त्व’ असा ठेवू नका, सगळे निबंध सारखेच येतात. ‘आमच्या घरात बोलली जाणारी मराठी’ यावर प्रत्येकाला स्वतःचेच लिहावे लागते.

शब्दमर्यादा लहान गटाला 300 ते 400, मधल्या गटाला 600 ते 800 आणि खुल्या गटाला 1000 ते 1200 पुरते.

निबंधाच्या पानांवर नाव नको. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर मागवा. ग्रंथपालांनी दोन्हींवर एकच क्रमांक टाकावा आणि परीक्षकांकडे फक्त निबंध द्यावेत. गावात परीक्षक मुलांना ओळखत असतात, त्यामुळे हे टाळू नकाच. टपालाने येणाऱ्यांसाठी ‘अंतिम तारखेपर्यंत वाचनालयात पोहोचलेले निबंधच स्वीकारू’ हे वाक्य ठळक छापा.